आभार मानावेत ते नानांनीच

आमचे नाना लग्नाला कधी वेळेवर पोचले नाहीत. अक्षता पडून गेल्यावर मांडवात शिरायचे आणि सरळ पंगतीकडे बघायचे. तेराव्याला मात्र ते मंडपवाल्याच्याही आधी हजर. गारखेड्यापासून करमाडपर्यंत आमच्या भावकीत, ओळखीपाळखीत कुणाचंही तेरावं असो, प्रवचन संपलं, फोटोला फुलं वाहून झाली की पंगती बसायच्या आधी आभाराचे चार शब्द बोलायला नाना उभे राहणार हे ठरलेलं. माघारी लोक त्यांना 'आभारनाना' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

नाना म्हणजे माझे चुलते, अण्णांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. वीज खात्यात नोकरी केली आणि गारखेड्यात छोटंसं घर बांधलं. अण्णा करमाडला शेतीवर राहिले. नानांचा एकुलता मुलगा विलास जालना रस्त्यावरच्या अपघातात गेला. तेव्हापासून त्या घरात नाना, त्यांची सून संगीतावहिनी आणि नात तन्वी, अशी तिघं. नानी आधीच गेलेल्या. इतकं सगळं पाहिलेला माणूस दुसऱ्याच्या दुःखात उभा राहून बोलायचा, आणि आवाज कधी कापायचा नाही.

"तेराव्याला आलेला माणूस उपाशी असतो आणि उन्हात बसलेला असतो," ते म्हणायचे. "त्याला भाषण नको, जेवण पाहिजे. आपण मधे उभं राहायचं ते फक्त हात जोडायला. वरण गार झालं तर पाप आपल्याला." हल्ली तेराव्याला श्रद्धांजलीची भाषणं तासभर चालतात, एकेक जण माइक सोडत नाही. अशा वेळी नाना आचाऱ्याकडे बघून मोठ्यानं विचारायचे, "पुऱ्या तळायला घेतल्या का हो?" बोलणारा बिचारा आवरतं घ्यायचा.

आभाराचा त्यांचा क्रम पक्का होता. पहिला मान कडू घासाचा. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, तेव्हा ज्यानं पिठलं-भाकरी आणून दिली त्याचं नाव आधी. मग खांदेकरी. मग राख सावडायला आलेले. मग लांबून आलेले पैपाहुणे आणि दुखवट्याची टोपी-उपरणं घेऊन आलेले सोयरे. मग महाराज, मग आचारी, मंडपवाला, आणि ज्याच्या अंगणात गाड्या लावल्या तो शेजारी. शेवटी एक माफी, कुणाला निरोप पोचला नसेल तर राग धरू नये म्हणून. पुढाऱ्याचं नाव वेळ उरला तर. एकदा एक साहेब नाना बोलत असताना मंडपात आले, सगळे उठून उभे राहायला लागले. नाना माइकवरूनच म्हणाले, "साहेब, बसा ना. आज मान गेलेल्या बाईंचा आहे." साहेब गुपचूप सतरंजीवर बसले.

गेलेल्या माणसाबद्दल ते फार थोडं बोलत, पण खरं बोलत. "मेलेल्या माणसाला एकदम संत करून टाकू नका. घरच्यांना ओळखू आला पाहिजे." आमच्या गावातले एक तात्या भारी तापट होते. त्यांच्या तेराव्याला नाना म्हणाले, "तात्यांशी ज्याचं एकदाही भांडण झालं नाही त्यानं हात वर करावा." मंडपात एकही हात वर गेला नाही. मग नाना म्हणाले, "आणि भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःहून बोलायला आले नाहीत, असं कुणाचं झालंय?" तेव्हाही हात वर गेला नाही. तात्यांची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली आणि मग मोकळी होऊन रडली. लोक घरी जाताना तात्यांच्याच गोष्टी सांगत गेले.

दुसऱ्याच्या घरी बोलताना नाना त्या घरच्या कर्त्याला हात जोडून शेजारी उभं करायचे. "मी नुसतं तोंड. आभार हे मानतायत," असं आधी सांगून टाकायचे. आणि घरच्या माणसाचे आभार त्यांनी कधी मानले नाहीत. एकदा मी भाबडेपणानं एका तेराव्याला म्हटलं, नाना, त्यांच्या मुलीनं एवढी सेवा केली, तिचं नाव राहिलं. ते मलाच डाफरले. "येडा आहेस का? आभार मानले की माणूस पाहुणा झाला. ज्याचं घर त्यानं मानायचे, बाकीच्यांनी घ्यायचे." मला तेव्हा ते नुसतं जुन्या माणसाचं खूळ वाटलं.

मग नानाच गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मुलगा नाही म्हणून अग्नी मी दिला, दहाव्याला केस मीच उतरवले. तिथूनच भावकीत कुजबुज सुरू झाली. ज्यानं अग्नी दिला त्याचं घर, असा आपल्याकडे लोकांचा सोयीचा हिशोब. कागदावर घर वहिनीचं आणि तन्वीचंच होणार होतं, पण तेराव्याच्या मंडपात चार माणसांसमोर बोललेला शब्द भावकीत कागदापेक्षा जड. तो एकदा बोलला गेला की तो मोडणारा वाईट ठरतो, मग तो शब्द कितीही चुकीचा असो.

तेराव्याच्या सकाळी अण्णांनी मला बाजूला घेतलं. गल्लीत मंडप पडला होता, मागं आचारी बुंदी पाडत होता. अण्णा म्हणाले, "आज नाना नाय. आभार तूच मान. आणि शेवटी सांगून टाक, घरादाराचं आता आम्ही करमाडकर बघू म्हणून. एकटी बाई, पदरात पोरगी. जाईल बिचारी भावाकडं जालन्याला. पण तिचे आभार मान बरं का, मोठ्या मनानं. लई केलं तिनं."

अण्णांच्या पोटात काही काळं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की बाईमाणसाला भाऊ लागतो आणि घराला पुरुष. पण 'तिचे आभार मान' हे ऐकलं आणि मला नानांचं 'माणूस पाहुणा झाला' आठवलं. नाना मला कशासाठी डाफरले होते ते आता, टक्कल करून, नवी टोपी घालून उभा असताना मला कळत होतं. वहिनीचे आभार मानले असते तर एका वाक्यात ती त्या घराची पाहुणी झाली असती. आणि पाहुण्यानं कधीतरी जायचं असतं. वरून सगळे म्हणाले असते, बघा, किती मोठ्या मनाची माणसं.

मी वहिनीला काही सांगितलं नाही. वेळच नव्हता, आणि सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. प्रवचन संपलं, फुलं वाहून झाली. मी माइकपाशी गेलो. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. मी म्हणालो, "आमचे नाना सांगायचे, आभार घरच्यानंच मानावेत. मी पुतण्या, करमाडचा. नानांच्या घरचं माणूस तिकडं बायकांत बसलंय. वहिनी, या इकडं."

मंडपात चुळबुळ झाली. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी असं पाहिल्यावर मी शेताकडं पळायचो. वहिनी जागची हलेना. तेव्हा शेजारच्या खान भाभींनी तिला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, "जाओ ना." वहिनी उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि आली. मी तिच्या हातात माइक दिला आणि शेजारी हात जोडून उभा राहिलो.

ती म्हणाली, "मी संगीता, नानांची सून. नाना गेले त्या दिवशी खान भाभींनी खिचडी आणली. माझ्या पोरीला त्यांनीच बळंबळं दोन घास चारले. त्यांचे आभार. गल्लीतल्या सगळ्यांनी खांदा दिला, सावडायला आले, रोज संध्याकाळी येऊन बसले, त्यांचे आभार. महाराज आले, आचारी पहाटेपासून राबतायत, त्यांचे आभार."

मग ती पहिल्या रांगेकडे बघून म्हणाली, "करमाडहून अण्णा आले. इतके दिवस शेत टाकून इथं बसून राहिले, आलं-गेलं बघितलं. भाऊजींनी पोटच्या पोराचं काम केलं. या घराच्या वतीनं मी दोघांचे आभार मानते."

अण्णांनी मान खाली घातली. मला वाटलं रागानं, पण ते उपरण्यानं डोळे पुसत होते. आयुष्यात त्यांचे कुणी असे माइकवर आभार मानले नव्हते.

"नाना लई हट्टी होते," वहिनी पुढं म्हणाली. "डॉक्टरांनी साखर बंद केली, तर भाभींकडं जाऊन गोड चहा पिऊन यायचे आणि म्हणायचे, संगीताला सांगू नका. भाभी मला रोज सांगायच्या. मी नानांना कळू दिलं नाही." लोक हसले. भाभी ओढणीआडून पुटपुटल्या, "अब बोल दिया सबके सामने." वहिनीसुद्धा हसली आणि तिथंच तिचा आवाज ओला झाला. "विलास गेल्यावर माझे भाऊ मला न्यायला आले होते. इथल्या भावकीचं माझ्या माहेरच्यांशी बोलणं चाललं होतं. नाना म्हणाले, आपण कशाला ठरवायचं, तिला विचारा. मला तेवढं एकट्या नानांनी विचारलं. मी राहते म्हणाले. आताही मी आणि तन्वी इथंच राहणार आहोत. कुणाला निरोप पोचला नसेल तर राग धरू नका, सगळी धावपळ मीच करत होते. पंगती बसू द्या. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका."

घरचं काय ठरलं, कोण कुठं जाणार, याबद्दल त्यानंतर कुणी एक शब्द काढला नाही. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि ज्यानं बोलायचं तेच माणूस बोललं होतं. अण्णा सवयीनं वरणाची बादली घ्यायला उठले. वहिनीनं ती त्यांच्या हातून काढून घेतली. "अण्णा, तुम्ही बसा. पहिल्या पंगतीत." अण्णा क्षणभर गोंधळले आणि बसले. तिनं त्यांना बुंदी वाढली, आग्रह करून पुन्हा वाढली, आणि त्यांनी दोन्ही वेळा नको म्हणत खाल्ली.

संध्याकाळी आम्ही करमाडला निघालो. मयताच्या घरातून निघताना आपल्याकडे कुणी 'येतो' म्हणत नाही. चपला घालायच्या, मागं न बघता चालू लागायचं, तशीच रीत. अण्णा फाटकापर्यंत तसेच गेले. मग वळले, परत उंबऱ्यापाशी आले आणि आत बघून म्हणाले, "संगीता, येतो मी. दिवाळीला येतो. चालंल ना?"

वहिनी बाहेर आली. "या की, अण्णा," ती म्हणाली. "मुक्कामालाच या."