मधलं सर्टिफिकेट

मी सांगलीत एका पाणीपुरवठा संस्थेत प्रोग्रामर आहे. धरणातून पाणी सुटणार असलं की नदीकाठी पंप बसवलेल्या शेतकऱ्यांना ‘मोटारी वर घ्या’ असा मेसेज माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, पाठवते. विसर्गाचे आकडे ती एका कंपनीच्या सर्व्हरवरून उचलते आणि कुठल्या गावाला पाणी कधी पोचेल ते काढते.

आदल्या पावसाळ्यात कुणीतरी खोटा मेसेज फिरवला होता. कराडखालच्या आमच्या गावात माझ्या वडिलांनी, आबांनी, गुडघाभर चिखलातून मोटार ओढून काढली, आणि पाणी आलंच नाही. मला त्याचा अजूनही राग येतो. तेव्हापासून गाव कुठल्याच मेसेजला हलत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी स्क्रिप्ट अडली. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट कुणी दिलंय ते पटत नाही, एवढंच ती म्हणत होती. दुपारी पाणी सुटणार होतं. सचिवसाहेबांनी तोच पत्ता ब्राउझरमध्ये उघडला, आकडे लख्ख दिसले. तपासणीच बंद करून टाका म्हणाले, एका ओळीचं तर काम. खरंच एका ओळीचं होतं. पण मग समोरचा सर्व्हर खरा की कुणी मध्येच घुसलाय, हे कळायला मार्गच उरला नसता. मी सरळ नाही म्हटलं. साहेब तोंड पाडून शेतकऱ्यांची यादी घेऊन एकेकाला फोन लावत बसले.

मी सर्व्हर काय पाठवतोय ते कमांडने बघितलं. एकच सर्टिफिकेट! सर्टिफिकेट देणाऱ्या ज्या मधल्या संस्थेने त्यावर सही केली, तिचं सर्टिफिकेट सोबत नव्हतंच. आमच्या मशीनला फक्त सगळ्यात वरची, त्या मधलीला मान्यता देणारी संस्था ठाऊक, मधला दुवा गायब. ब्राउझर ते मधलं स्वतः शोधून आणतो, नाहीतर जवळ साठवलेलं वापरतो. स्क्रिप्ट बिचारी तसलं काही करत नाही.

कंपनीच्या माणसाला फोन केला. कालच सर्टिफिकेट नवीन टाकलंय आणि आमच्याकडं तर उघडतंय, हेच त्याचं पालुपद. माझं डोकं फिरलं. ब्राउझर सोडा आणि मी सांगते ती कमांड चालवा, मी फोन ठेवणार नाही, असं सांगून बसले. कमांड चालवून तो हळूच म्हणाला, मॅडम, मधल्या सर्टिफिकेटसकट संपूर्ण साखळीची फाइल लावायची राहिली.

त्याने ती लावली. तपासणी चालू ठेवूनच स्क्रिप्ट पुन्हा सोडली, आकडे आले, मेसेज सुटले. साहेबांनी फोन खाली ठेवला आणि चहा सांगितला.

पाचच मिनिटांत आबांचा फोन.

“ह्यो मेसेज तुझाच हाय न्हवं?”

“माझाच हाय आबा. तपासूनच धाडलाय.”

फोन चालूच होता, आणि बांधावरनं शेजाऱ्यांना दिलेली त्यांची हाक मला ऐकू आली, “काढा रं मोटारी, पाणी येतंय.”