मीटरखोलीशेजारची जागा

डहाणूत मसोलीला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक काळी वायर खाली लोंबकळत आली आणि फाटकाजवळ उभ्या असलेल्या निळ्या स्कूटरच्या पोटात शिरली, तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी राहते पहिल्या मजल्यावर, पण वरचा तो फ्लॅटही माझा, भाडेकरू माझे, म्हणजे वायरही माझीच. २०१८ सालची गोष्ट. विजेवर चालणारी स्कूटर तोवर आम्ही फक्त टीव्हीवर पाहिलेली.

भाडेकरीण तलासरीच्या पलीकडे एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका. नवरा डहाणू रोडला रेल्वेत, त्याच्या ड्यूट्या उलटसुलट. बसने येता येता बाईंना अंधार पडायचा, तोवर त्यांची पोर माझ्याकडे बसून माझे सगळे बिस्किटाचे डबे तपासायची. स्कूटर घेतली ती यासाठीच. एकदा पूर्ण चार्ज केली की तलासरीला जाऊन परत यायची. पण तिची बॅटरी आत पक्की बसवलेली, काढून वर न्यायची सोय नाही. म्हणून ती वायर.

सेक्रेटरी म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी त्याच संध्याकाळी वायर काढायला लावली.

"बाई, पावसात कुणी चिकटलं तर?"

"मग पार्किंगमध्ये रीतसर पॉइंट घेऊ द्या ना, साहेब. अर्ज देते."

"भाडेकरूचा अर्ज सोसायटी घेत नाही. मालकिणीने द्यायचा."

बाई वर आल्या आणि माझ्या दारातच बसल्या. "आजी, पॉइंट नाही मिळाला तर स्कूटर विकावी लागेल. हेडमास्तर तलासरीला खोली बघून देतायत. मी आणि पोर तिकडे, हे इकडे. बसने आता होत नाही मला."

पोर तेव्हा माझा तिसरा डबा उघडत होती. मी अर्ज लिहिला.

इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेला. म्हणाला, लाइन फ्लॅटच्या स्वतःच्या मीटरवरून घ्यायची, जिन्याच्या दिव्यांच्या मीटरला हात लावायचा नाही. वेगळा एमसीबी स्विच, नीट अर्थिंग, कुलुपाची पेटी. चार्जर इस्त्रीपेक्षाही कमी वीज खातो, तेव्हा लोड वाढवून घ्यायची गरज नाही. "पण आजी, तुमची जागा फाटकाशी, उघड्यावर. मीटर तिकडे जिन्यामागे. मध्ये गाड्यांचा रस्ता. फरशी उखडावी लागेल."

सेक्रेटरी म्हणाले, फरशीखाली पाण्याचा पाइप आहे, उखडू देणार नाही. आणि उघड्यावर तर पॉइंट नाहीच नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हाला मुळात मिळालेली जागा मीटरखोलीला लागून आहे. छताखाली. तिथे मागा, कमिटी लगेच देईल."

आता इथे चाळिशीतल्या त्या महामायेबद्दल सांगायला हवं. इमारत नवी असताना चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या आणि सगळ्यात चांगली, सावलीतली जागा तिला लागली. तिने नुकतीच मोपेड घेतलेली. गॉगल होता, हातमोजे होते, मागे घेऊन वळवणं तेवढं येत नव्हतं. त्या कोपऱ्यातून मोपेड बाहेर काढताना ती रोज खांबाला भेटायची. तेव्हा शेजारच्या शेठना ती काय म्हणाली? "शेठ, तुमच्या गाडीला ऊन लागतं हो, मला बघवत नाही. घ्या माझी जागा." शेठ इतके गहिवरले की घरून उंधियू पाठवला. त्या महामायेने तोही खाल्ला. अदलाबदल तोंडी झाली, आणि आपल्याकडे तोंडी झालेलं कुणी मोडत नाही. तेव्हापासून माझ्या जागेवर शेठची पांढरी गाडी.

मी शेठकडे गेले. ते आरामखुर्चीत.

"शेठ, जागा परत नको. गाडी फक्त हातभर पलीकडे घ्या. खांबाशी स्कूटर मावते."

"बेन, गाडी नाही हलणार."

"का?"

"सवय झाली तिला तिथे."

"गाडीला?"

"मलाबी." आणि पेपर वर केला.

दोनदा गेले, दोनदा हेच. गावात शेठ किती सढळ माणूस. चिकूच्या हंगामात अख्ख्या इमारतीला चिकू वाटणार. मग हातभर जागेसाठी हे काय? बाईंनी तोवर तलासरीची खोली बघून ठेवली होती. पोरीने मला विचारलं, "तिकडे आजी असते का?" मी म्हटलं, असते, पण तिच्याकडे डबे नसतात.

रविवारी शेठ गाडी धूत होते. दर रविवारी धुतात, आणि कुणी विचारलं की सांगतात, "विवळवेढ्याला जाऊन येऊ म्हणतो, देवीच्या दर्शनाला." मी जिन्याच्या वळणावरून बघत बसले. मागच्या टायरशी आले तेव्हा त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि अर्धवट सारलेल्या कव्हरची कड पायाने घाईघाईने खाली ओढली. टायर जमिनीला चपटा बसलेला. मग आठवायला लागलं, ही गाडी सुरू झाल्याचा आवाज मी शेवटचा कधी ऐकला? ऐकलाच नव्हता, कित्येक वर्षांत. शेठची गाडी बंद पडली होती, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

मला हसू आलं, पण त्यांचं नाही. खांबाला ठोकून घेतल्यावर "आज जरा चिखल होता" असं म्हणणाऱ्या त्या गॉगलवालीचं. शेठची तऱ्हा मला ओळखता येणार नाही तर कुणाला?

कमिटीची मीटिंग संध्याकाळी खालीच, खुर्च्या टाकून. सेक्रेटरींनी गाडी सरकवायचं विचारलं, आणि शेठ उत्तर द्यायला उभे राहायच्या आत मीच बोलले. "एक अट माझी. शेठ तयार झाले तर गाडी सुरू करून हलवायची नाही. त्या बंद जागेत पेट्रोलचा धूर कोंडतो आणि मला लगेच खोकला येतो. सगळ्यांनी मिळून ढकलायची. आणि टायरांत आधी हवा भरून घ्या, माझ्या म्हाताऱ्या कंबरेला जड जायला नको."

"तुम्ही ढकलणार?" सेक्रेटरी.

"मी हुकूम देणार."

शेठ माझ्याकडे बघत उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "बेनला खोकला येतो तर मग ढकलूच. मी स्टेअरिंगवर बसेन."

ठराव झाला. पॉइंट मालकिणीच्या मीटरवरून, खर्च भाडेकरूचा, पेटीला कुलूप, फ्लॅट सोडताना स्वखर्चाने काढून भिंत होती तशी करून द्यायची. बाईंनी सही केली, मी केली.

गाडी ढकलताना चार जण मागे आणि शेठ आत ताठ बसलेले, जणू विवळवेढ्यालाच निघालेत. हातभर म्हणता म्हणता गाडी दोन हात सरकली.

पॉइंट बसला त्या संध्याकाळी इमारत खाली गोळा झाली. बाईंनी पेटी उघडली, प्लग लावला, बटण दाबलं. चार्जरवर लाल दिवा लागला. बस्स. आवाज नाही, ठिणगी नाही.

"चालू झालं?" शेठनी विचारलं.

"झालं की."

"एवढंच?" म्हणून लोक थोडे रागावूनच वर गेले.

बाईंनी तिथेच उभं राहून हेडमास्तरांना फोन लावला. "सर, ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. मी डहाणूहूनच येईन." मग पोरीला हाक मारली आणि दोघी जिना चढून वर गेल्या.