पावणेदोन जीबी

ज्योत्स्ना अंगणवाडी सेविका. अहेरीपासून तीस किलोमीटर आत तिचं गाव. नाल्याला पूर आल्यानं एसटी चार दिवसांपासून बंद होती. त्यात मोबाइलवर आलं: ॲप अपडेट करा, जुनं आज संध्याकाळी बंद होईल. हजेरी लागली नाही की मुलांचा आहार अडकणार.

अपडेट छोटंच, पण बसवायला दोन जीबी मोकळे हवे होते. फोनमध्ये पाव जीबी होतं. ती टाकीजवळच्या टेकाडावर गेली, तिथंच नेटवर्क मिळायचं. स्टोरेजचा स्क्रीनशॉट काढून तिनं तो अहेरीच्या ऑफिसातल्या दीपालीला पाठवला. लगेच दीपालीचा फोन आला.

"ताई, पावणेदोन कमी पडून राह्यले. क्रिकेटचं ॲप काढा, अर्धा जीबी जाईल."

"ते त्यायचं आहे." 'त्यायचं' म्हणजे नवऱ्याचं, दसरूचं. पण तिनं काढलं.

व्हॉट्सॲपमधले फॉरवर्ड आलेले व्हिडिओ गेले, अर्धा जीबी. बाकीच्या ॲपांची कॅश पुसली, तेव्हा कुठं पाव.

"आता अर्धाच राह्यला. फोटो?"

"पोरांच्या वजनाचे हायेत. तपासणी होईपर्यंत ठेवा म्हनलं तुमीच."

दीपाली स्क्रीनशॉट पाहत असावी. "व्हिडिओत एकच मोठी फाइल दिसते, पाऊण जीबीची. ते काय आहे?"

ज्योत्स्नानं सांगितलं. आश्रमशाळेच्या गॅदरिंगमधला पिंकीचा नाच होता तो, सात मिनिटांचा. पिंकी तिची एकुलती मुलगी. सिकलसेलच्या आजारानं दोन वर्षांपूर्वी गेली, अकराव्या वर्षी. तिचा चालताबोलता व्हिडिओ तेवढाच होता.

"मले पाठवा ना ताई, मी ठेवतो."

तिनं पाठवायला लावला. चाळीस मिनिटांत तीन टक्के गेला, मग रेंजच गेली. फोनची मेमरी कार्डाची खाच केव्हाची खराब होती. गावातला दुसरा मोठा फोन सरपंचाकडे, आणि ते आलापल्लीला अडकलेले.

साडेचार वाजले होते. तिनं व्हिडिओ एकदा पूर्ण पाहिला. मग डिलीट केला.

जागा तेवढीच राहिली. रेंज येताच तिनं दीपालीला फोन लावला.

"ताई, ते कचरापेटीत गेलं. तीस दिवस तिथंच राहते, जागा खाते. तिथूनही काढा लागते." दीपालीचा आवाज उतरला. "काढू नका, वाटलं तर परत आणता येते. मी साहेबांले सांगून पाहतो."

"साहेब काय करतीन? ॲप तर बंदच होते."

पेटीत पिंकी हात वर करून थांबलेली, चौकोनात. खाली लिहिलं होतं, कायमचं हटवायचं का. ज्योत्स्नानं 'हो' दाबलं.

अपडेट उतरायला साडेसहा वाजले. मुलांची नावं जागच्या जागी होती.

दसरू ढोरं बांधत होता. तिनं त्याला तिथंच सांगितलं. त्यानं बांधलेलं दावं सोडून पुन्हा बांधलं.

"दोनदा काढलं म्हनतेस?"

"हो."

"एकदा तरी मले बलवाचं होतं," तो म्हणाला आणि गव्हाणीत वैरण टाकू लागला.