शिक्का नसलेला कागद

बारामतीच्या एका शाळेत मी इतिहास शिकवत होतो. एकोणीसशे तीसनंतरची ती चार-पाच वर्षं. माझं वय तेव्हा सव्वीस होतं, आज त्रेपन्न आहे. जे लिहायला बसलो आहे ते मी आजवर कुणालाही पुरतं सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मला शिकवायला आवडायचं. रोमचं साम्राज्य कोसळल्याचा धडा तर फारच. फळ्याच्या एका टोकाला मी रोमचा दिवा काढायचो, दुसऱ्या टोकाला नव्या युरोपचा, आणि मधली सगळी जागा कोरी ठेवायचो. "हे अंधारयुग," असं म्हणून गप्प व्हायचो. वर्ग चिडीचूप व्हायचा. ती शांतता मला स्वतःची कमाई वाटायची. आपल्याकडच्या इतिहासालाही मी तोच साचा लावत असे. निजामशाही बुडत होती तेव्हा भीमा-नीरेचा मुलूख ओसाड पडला, माणसं पांगली, शहाण्या माणसाने नोंद घ्यावी असं काही उरलं नाही, असं मी मुलांना लिहून देत असे. पुस्तकात तसं होतंच.

एका उन्हाळ्यात इंदापूरच्या कचेरीतून मला बोलावणं आलं. शेळगावच्या अलीकडे एका ओढ्यावर जुना दगडी बंधारा होता. त्याच्या पाटावर खालच्या वस्तीतली पंधरा-वीस घरं भाजीपाला पिकवत होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका बड्या बागायतदाराने ऊस लावला होता. सगळं पाणी वरच अडवायची परवानगी त्याने मागितली होती. वस्तीचं म्हणणं होतं की, पाण्याची पाळी आमची आहे आणि पुराव्याला आमच्याकडे कागद आहे. तो कागद जुन्या मोडीत होता. कचेरीतल्या कारकुनांना मोडी येत होती, पण तीनशे वर्षांपूर्वीचं वळण त्यांना लागेना. म्हणून साहेबांनी इतिहासाच्या मास्तरला विचारायचं ठरवलं. कागद खरा की खोटा, एवढंच मी लिहून द्यायचं होतं. त्या लिहिण्यावर पंधरा-वीस घरांचं पाणी ठरणार होतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

कागद घेऊन वस्तीतले एक म्हातारे आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्यासोबत वस्तीतले मुलाणी चाचा होते. त्यांची भाजी बारामतीच्या बाजारात जायची. तात्यांनी कापडाची गुंडाळी सोडली आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"मास्तर, जपून. माज्या आज्ज्याच्या आज्ज्यानंबी ह्याला पानी लागू दिलं न्हाय," तात्या म्हणाले.

"पान्यासाठीच केल्याला कागुद, अन् त्यालाच पानी लागू द्यायचं न्हाय," चाचा म्हणाले. "लई सोवळ्याचा हाय."

मी वाचायला लागलो. दोन पावसाळे कोरडे गेले होते. ठाण्याचा अंमलदार पळून गेला होता. निम्मी घरं परागंदा झाली होती. तिसऱ्या वर्षी पाऊस आला तो एवढा की बंधाऱ्याचं एक अंग वाहून गेलं. मग उरलेली माणसं देवळापुढे बसली. जो दगड वाहील त्याला पाळी, असा ठराव झाला. पाळी आठ दिवसांची, आणि परागंदा झालेला माणूस परत आला तर एक पावसाळा काम करून त्याने आपली पाळी परत घ्यायची. पाटाची राखण महारांकडे, आणि त्या राखणीबद्दल त्यांना स्वतंत्र पाळी. खाली नावं होती आणि नावांपुढे निशाण्या. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. एका कोपऱ्यात फारसीत दोन ओळी होत्या, त्या मुलाणी चाचांच्या पूर्वजाच्या. राजाचं नाव कुठंच नव्हतं. सरकारी शिक्काही नव्हता.

मी मान वर केली. "तात्या, ह्यावर शिक्का नाही."

"न्हाय."

"कुठल्या राजाच्या अमलातला, तेही लिहिलेलं नाही."

"राजा हुता कुठं तवा?"

"मग हा खरा कसा मानायचा?"

तात्यांनी चाचांकडे पाहिलं. मी थट्टा करतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं. "मास्तर, राजा न्हवता म्हून तर कागुद केला. राजा असता तर त्याच्याच दारात गेलो असतो की. कागुद कशाला केला असता?"

"मास्तरला शाळेत शिक्क्याबिगर पगार देत नसतील," चाचा म्हणाले. कारकून हसले. मला राग आला. पुढे जे झालं त्यात त्या रागाचा वाटा होता, हे इथे सांगितलं पाहिजे.

मी दोन दिवसांनी अभिप्राय लिहून दिला. मला कुणी काही दिलं नव्हतं आणि बागायतदाराला तर मी पाहिलंही नव्हतं. मी जे लिहिलं ते मला खरं वाटत होतं म्हणून लिहिलं. ज्या काळातला हा कागद सांगितला जातो त्या काळी हा मुलूख ओसाड होता, त्या वर्षांचा वसूल कुठल्याही हिशेबात सापडत नाही, राज्यव्यवस्था मोडल्यावर अडाणी कुणब्यांनी असा नियमबद्ध करार करणं संभवत नाही, सबब कागद नंतर रचलेला दिसतो, असं मी लिहिलं. 'सबब' हा शब्द लिहिताना मला बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

निकाल वस्तीच्या विरोधात गेला. दिवाळीआधी वरचा बांध उभा राहिला. तात्या एकदा शाळेत आले आणि गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवून गेले. "तुमी म्हंता खोटा हाय. मग आमी कशाला जपायचा? तुमीच ठेवा," एवढंच म्हणाले. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी शेळगावला एका लग्नाला जात होतो. वाटेत वस्ती लागली. पाट कोरडा होता आणि त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. वांग्यांची झाडं उभी होती, पण हात लावला की मोडत होती. चार घरांवर छप्पर नव्हतं. जाणाऱ्या माणसांनी वासे काढून नेले होते, कारण वासे दुसरीकडे कामाला येतात. भिंती तेवढ्या राहिल्या होत्या. बैलगाडीवाल्याने बैल हळू केले आणि म्हणाला, "हितं बगा भाजी पिकायची." पुढच्या वर्षी आणखी घरं गेली. तात्या कुठे गेले ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

सात-आठ वर्षांनी पुण्यात शिक्षकांचा एक वर्ग होता. तिथे एक वयस्क प्राध्यापक शिकवायला होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "अंधारयुग म्हणजे अंधार कुणाला?" मग ते सावकाश बोलायला लागले. हा शब्द त्या काळातल्या माणसांचा नाही, म्हणाले. जुन्या लॅटिनवर प्रेम करणाऱ्या मंडळींनी तो शेकडो वर्षांनंतर वापरला. आपल्याला आवडतं तसं लिखाण मधल्या काळात दिसेना, म्हणून त्यांनी तो काळच काळा ठरवला. पश्चिमेकडचं रोम पडलं, पण पूर्वेकडचं राज्य त्यानंतर हजार वर्षं चाललं. पश्चिमेतही जर्मन राजांनी रोमचा कायदा लिहून काढला, मठांत जुनी पुस्तकं नकलली गेली, पाणचक्क्या वाढल्या, जड जमिनीत चालणारा नांगर पसरला.

"म्हणजे सगळं चांगलंच होतं का?" एका शिक्षकाने विचारलं.

"तसंही नाही," ते म्हणाले. "शहरं आटली. दूरचा व्यापार मोडला. कौलांच्या जागी गवत आलं, भांडी ओबडधोबड झाली. लढायांत आणि रोगांत माणसं मेली. हे नाकारायचं नाही. पण एका प्रांतात एक झालं आणि दुसऱ्यात दुसरंच. साम्राज्य पडतं तेव्हा आधी काय बंद होतं? सैन्याचा पगार. मग नाणी. मग दफ्तर. नाणं सापडत नाही, म्हणून माणूस नव्हता असं म्हणायचं नाही. वसूल लिहिणारा पळाला की वसुलीची नोंद संपते. शेत संपत नाही. अंधार असतो तो आपल्या कागदांत. तिथे जमीन खणून बघावी लागते, दलदलीतले परागकण मोजून शेती चालू होती का ते ठरवावं लागतं."

मग त्यांनी आपल्याकडची उदाहरणं काढली. पिशवीतून दोन जुने महजर काढले. गावाच्या गोतसभेचे निवाडे. खाली नांगर, वाकस, आरसा. "वरचं राज्य डळमळलं की गावं अशी उभी राहायची," ते म्हणाले. "गोत बसायचं, निवाडा करायचं, अवजारं सही म्हणून काढायचं. ह्यावर शिक्का नाही, आणि नेमका तोच त्याचा खरेपणा."

पुढचं व्याख्यान मला आठवत नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी मी बारामतीला आलो आणि ट्रंक उघडली. तात्यांची गुंडाळी मी तळाशी ठेवली होती. वाळवी खालून आली होती. कापड शाबूत होतं, आत माती होती. बोटांनी चाळवल्यावर एक तुकडा मिळाला, त्यावर नुसती शाई होती. मी नक्कल केली नव्हती. खोट्या कागदाची नक्कल कोण करतं?

त्यानंतर इतकी वर्षं मी अंधारयुगाचा धडा शिकवला तो वेगळा शिकवला. पण वर्गात बरोबर शिकवल्याने कुणाचा पाट वाहत नाही. ज्या घरांनी राजाविना, ठाण्याविना, दोन कोरड्या पावसाळ्यांनंतर बंधारा बांधला, त्यांना मी राज्य शांत असताना, कचेरी उघडी असताना उठवलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या पडझडीला जे जमलं नाही ते माझ्या पाऊण पानाने केलं.

गेल्या महिन्यात मी इंदापूरला गेलो. प्रकरण उघडत नाही हे मला माहीत होतं. निदान त्या अभिप्रायाला माझं दुरुस्तीचं पत्र जोडावं, असं वाटत होतं. रेकॉर्डच्या खोलीतल्या कारकुनाने बऱ्याच वेळाने फाईल काढली. वस्तीचे अर्ज त्यात नव्हते. ते मुदतीनंतर जाळले होते, नियमाप्रमाणे. जबाब नव्हते. निकाल होता आणि माझा अभिप्राय होता. अक्षर अजून स्वच्छ होतं.

"हा अभिप्राय चुकीचा आहे," मी म्हणालो. "मला तसं लिहून द्यायचं आहे."

"लिहिणाऱ्याचा पत्ता आहे का तुमच्याकडे?"

"मीच आहे."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुमचंच लिहिलेलं तुम्हीच खोटं म्हणता? त्याला पुरावा?"

पुरावा वाळवीने खाल्ला होता.

"बंद फाईलला काही जोडता येत नाही," तो म्हणाला आणि दोरी बांधायला लागला. मग काहीतरी आठवून थांबला. "पण ही पडून नसते बरं का. पुण्याचा एक मुलगा आला होता, ह्या भागाचा जुना इतिहास लिहितोय. मुलूख ओसाड होता ते सांगणारा कागद त्याला हवा होता. दुसरीकडे कुठंच मिळेना म्हणाला. तुमचा मिळाला तर खूश झाला."

"काय केलं त्याने?"

"नकलून घेतला. सगळा, शब्दन् शब्द."

"नाव काय त्याचं? पत्ता?"

"आता ते कुठं लिहून ठेवतो आम्ही," कारकून म्हणाला, आणि फाईल वरच्या फळीवर ठेवायला स्टुलावर चढला.