पदराच्या गाठी आणि चौकातला दिवा

मला सिग्नलची भीती वाटते. हसू नका. सिग्नलवर काम केलेल्या बाईला सिग्नलची भीती वाटावी, हे स्वयंपाकिणीनं चुलीला घाबरण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण दिवा हिरवा झाला तरी दोन्हीकडच्या गाड्या पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय मी रस्त्यात पाय टाकत नाही. आईला सोबत घेऊन निघाले असेन तर विचारूच नका.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सौंसरहून शिकायला म्हणून मी नागपूरला आले होते आणि शिक्षण संपल्यावर तिथेच चिकटले. शहराच्या एका गजबजलेल्या चौकात सिग्नलचा नवा प्रयोग चालला होता, त्यात मी कनिष्ठ इंजिनियर. जुना सिग्नल घड्याळावर चालायचा. रस्त्यावर कोणी असो नसो, चारही बाजूंना ठरल्याप्रमाणे पाळी मिळायची. नवा सिग्नल शिकणारा होता. रस्ता कापून डांबराखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं पुरलं होतं. वरून गाडी गेली की तिच्या लोखंडानं तारेतल्या विजेत फरक पडायचा आणि चौकालगतच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत, फळीवरचा त्या रस्त्याचा बारीक बल्ब लागायचा. आमचा कॉम्प्युटर ते मोजायचा. कधी हिरवा थोडा वाढवून पाहायचा, कधी कमी करून. गाड्यांचं ताटकळणं कमी झालं की ती चाल पुढे जास्त वेळा खेळायचा, वाढलं की टाळायचा. कोणी शिकवत नव्हतं, त्याचं तोच शिकत होता. मला तर त्याचं भारीच कौतुक.

पायी चालणाऱ्याचं काय, हे मी एका बैठकीत विचारलं होतं. तारेला माणूस कळत नाही. सायकलीही आम्ही गाळल्या होत्या, कारण त्या धरल्या की आकडे फार हलतात. आमचे साहेब भला माणूस, पण गडबडीतला. "ते पुढच्या टप्प्यात," म्हणाले. पायी माणसासाठी बटण बसवायचं होतं, तेही पुढच्याच टप्प्यात. तेव्हा मीही मान डोलावली, कारण टप्पे असतातच.

पोळ्याला घरी गेले तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. आई शेतात मजुरीला जायची, संत्री तोडायची, कापूस वेचायची. तिला तारबीर काही कळलं नाही, एवढंच कळलं की नागपूरच्या भर चौकातला दिवा तिच्या पोरीच्या हातात आहे. झालं! सौंसरच्या बसस्टँडपासून थेट जामसांवळीच्या वाटेपर्यंत बातमी गेली.

"कायचा दिवा वं?" शेजारीण विचारायची.

"अवं, माणूस पाहून पेटते तो," आई ठोकून द्यायची. "माह्या पोरीनं शिकवला हाय त्याले."

"आई, मी नाही शिकवलं, तो आपला आपण शिकून राहिला," मी म्हणायची.

"शाळेतल्या पोरायलेही मास्तर लागतेच ना? मोठी आली शहाणी!"

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणजे आमच्याकडे महिनाभराची तयारी. पांढुर्ण्याहून मावशी दोन दिवस आधीच सौंसरला यायची आणि मग आमच्या वस्तीतल्या बाया एकाच बसनं निघायच्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. नागपूरला उतरल्या की एक रीत होती. गर्दीत कोणी हरवू नये म्हणून एकीच्या पदराला दुसरीचा पदर गाठ मारून बांधायचा. पुढे आई, मागे मावशी, मधे सगळ्या. लहानपणी मीही त्या माळेत चाललेली आहे. हिसका बसला तरी सुटत नाही अशी गाठ आई मारते, कापसाच्या बोरीला मारते तशी.

एरवी ह्या बाया स्टँडवरून सरळ मागच्या गल्लीनं जायच्या. त्या वर्षी आईनं वाट बदलली. पोरीचा दिवा साऱ्यांना दाखवायचा होता ना!

मला हे माहीत नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी खोलीत कामावर होते. सणाच्या गर्दीत प्रयोग कसा चालतो ते साहेबांना पाहायचं होतं. चौकातला हवालदार दीक्षाभूमीकडच्या बंदोबस्तावर गेला होता, आणि सिग्नल हातानं चालवायच्या पेटीची किल्ली त्याच्याच खिशात. दुपारी मी फळीकडे पाहिलं तर बाजूच्या रस्त्याचा बल्ब मुळी लागतच नव्हता. मोठ्या रस्त्याचे बल्ब मात्र सारखे लुकलुकत होते. तार तुटली की काय म्हणून खिडकीत गेले.

तार तुटली नव्हती. बाजूचा रस्ता माणसांनी गच्च भरला होता. पायी माणसं, पोरं कडेवर, डोक्यावर गाठोडी. त्यांच्या गर्दीत एकही गाडी शिरू शकत नव्हती, आणि गाडी नाही म्हणजे यंत्राच्या हिशेबी रस्ता ओस. माणसं नेमकी तारेच्या वेटोळ्यावर उभी होती आणि आमचा हुशार विद्यार्थी म्हणत होता, कोणीच नाही. मग तो त्यांना हिरवा देईल कशाला? मोठ्या रस्त्यावर जीपा, अँबेसिडर, ट्रक सुसाट चालले होते.

आणि सगळ्यात पुढे, पदर बांधून, आई उभी होती.

एरवी ह्या बाया हात वर करून गाड्या थांबवत निघून गेल्या असत्या. पण आज आई थांबली होती. दिव्याकडे बोट दाखवून मागच्यांना काहीतरी सांगत होती. ऐकू येत नव्हतं, पण मला शब्दनशब्द ठाऊक होता: थांबा वं, आता पेटीन.

मागून रेटा वाढत होता. तेवढ्यात एक ऑटोवाला भोंगा वाजवत, माणसांना बाजूला सारत पुढे घुसला. बल्ब लागला. मोठ्या रस्त्याला पिवळा, मग लाल, आणि बाजूचा दिवा हिरवा झाला. आईनं दोन्ही हात वर केले, जिंकल्यासारखे, आणि माळ रस्त्यात उतरली.

ऑटो निघून गेला आणि बल्ब विझला.

पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त घाबरले. यंत्राला कमीत कमी हिरवा किती द्यायचा हे आम्ही बांधून दिलं होतं, पण गाडी सुटण्यापुरता. बाईमाणसानं चालत रस्ता पार करण्यापुरता नाही. मी खिडकीतून ओरडले, "आई, मागं फिर!" कोण ऐकतं! माळ अर्ध्यात असताना दिवा बदलला आणि दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या.

सुट्या माणसांपैकी कोणी पुढे पळालं, कोणी मागे. ह्यांना पळताच येईना. पुढच्या पुढे ओढत होत्या, मागच्या मागे, आणि गाठी काही सुटत नव्हत्या. मावशी पडली. तिच्या पदरानं पुढची वाकली. एक ट्रक इतक्या जवळून गेला की आईच्या डोक्यावरचं गाठोडं उडालं. रस्त्याच्या मधोमध सगळ्या एकमेकींना बिलगून बसल्या. आई उभी राहिली आणि हात पसरून ट्रकसमोर ओरडायला लागली.

मी जिना कशी उतरले आठवत नाही. माय मेली तर, माय मेली तर, एवढंच डोक्यात. खाली आले. रस्त्यात धावत गेले असते तर बसलेल्यांत आणखी एकीची भर. किल्ली नाही, हवालदार नाही. आणि त्या यंत्राला माणूस दिसत नाही, तिथे रडून काय उपयोग? त्याला फक्त लोखंड दिसतं.

कोपऱ्यावर आमचाच मोठा पत्र्याचा फलक टेकवून ठेवला होता, 'वाहतूक सुधारणेचा प्रयोग सुरू आहे' असं लिहिलेला. तो मी ओढला. "सरका! बापहो, सरका ना!" तारेच्या वेटोळ्यावर तो आडवा टाकला आणि वर उभी राहिले.

लगेच काही झालं नाही. यंत्राला आता इकडे एक गाडी दिसत होती, पण तिकडे पुष्कळ. त्यानं त्यांचा हिरवा आम्ही बांधून दिलेल्या कमाल वेळापर्यंत ताणला. तेवढ्या वेळात मी जे भोगलं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. आईचा आवाज बसला होता, नुसते हात हलत होते.

मग पिवळा झाला. गाड्या थांबल्या. पत्रा तारेवरून हलत नव्हता, म्हणून आमचा हिरवाही लांबत राहिला. मावशीला दोघींनी उचललं आणि माळ पलीकडे गेली. जीव भांड्यात पडला. मी पत्र्यावर बसून हंबरडा फोडला.

पलीकडून आई घोगऱ्या आवाजात मावशीला सांगत होती, "पाह्यलं काय वं? आखरीले देल्लाच ना माह्या पोरीच्या दिव्यानं!"

मावशीचा हात मोडला होता. पांढुर्ण्याला परत गेल्यावरही तो नीट बसला नाही.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरच्या नोंदींचे कागद पाहिले आणि विचारलं, "इथे बाजूच्या रस्त्यावर एकच गाडी इतका वेळ उभी कशी? तार बिघडली होती का?" मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, खरंच उतरला. मग म्हणाले, "तेवढा भाग काढून टाक. खराब नोंद आहे, यंत्र चुकीचं शिकेल." त्या यंत्राला माझी आई जेवढा वेळ दिसली होती, नेमका तेवढाच भाग निघाला. बाकीच्यावर अहवाल झाला. दर गाडीमागे थांबण्याचा वेळ घटला होता, खोटं काही नव्हतं. फक्त सौंसरची खचाखच भरलेली बसही एकच गाडी आणि एकट्या साहेबाची मोटारही एकच, आणि पायी माणूस शून्य. प्रयोग पाहायला जे मोठे लोक आले ते मोठ्या रस्त्यानंच आले, एकदाही न थांबता. फार खूश झाले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते काही उगाच नाही. बटणाचं मी पुन्हा विचारलं. पुढचा टप्पा.

पुढच्या दसऱ्याला मी रजा काढून सौंसरला गेले. बसस्टँडवर सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत जमल्या होत्या. मावशीचा वाकडा हात पदराखाली होता. मी म्हटलं, "त्या चौकातून जायचं नाही. मागच्या गल्लीनं जायचं."

"काऊन?" आई म्हणाली. "तुहाच दिवा हाय ना तो?"

"माहा नाही, आई."

"मंग कोनाचा हाय?"

"मोटारवाल्यायचा."

वर्षभर गावाला सांगत फिरलेल्या आईनं मावशीच्या हाताकडे एकदा पाहिलं. मग माझी ओढणी ओढून घेतली, आपल्या पदराला बांधली, आणि नागपूर येईपर्यंत ती गाठ मुठीत धरून बसली.