फळ्यावरची कोंबडी

आष्ट्यात तेव्हा एक कुजबुज होती. वाचनालयाचा नाथाजी रोज सकाळी फळ्यावर बातमी लिहायच्या आधी मेलेल्या हरणाबाईची परवानगी घेतो म्हणे. खडू हातात धरतो, मान वळवून मागं बघतो, ओठातल्या ओठात काहीतरी विचारतो आणि मगच लिहितो. ही खबर सोडली सुलाबाईनं. तिची खिडकी वाचनालयासमोर, आणि तोंड साऱ्या गावासमोर. आकाशवाणीच्या बातम्या लागायच्या आत सुलाबाईच्या संपलेल्या असत. "म्या डोळ्यानं बघितलंय," ती सांगायची, "बोलतोय, थांबतोय, परत बोलतोय. समोर कोण न्हाई. मग बोलतोय कुणासंगं?"

आता खोटं कशाला बोला, नाथाजी बोलायचा हे खरंच होतं.

माणूस तसा साधा. किडकिडीत, मळकी टोपी, बोटांना कायम खडूची पांढरी भुकटी. वाचनालय झाडायचं, पेपर लावायचे, आणि दारातल्या काळ्या फळ्यावर दिवसाच्या तीन बातम्या लिहायच्या, ही त्याची नोकरी. पेपर विकत घेणारी घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सारं गाव फळा वाचायचं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. फळा दोन हात रुंद. त्यावर मावतो तो मथळाच. खाली लिहायचं, 'सविस्तर आत'. आत यायचे चौघे-पाच जण.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाई चालू असताना, सांगलीच्या 'खडाजंगी' नावाच्या साप्ताहिकात मथळा आला होता: 'आष्ट्याच्या जवानाचा ठावठिकाणा नाही!' नाथाजीनं तो जसाच्या तसा उतरवला. घाई होती, आतली बातमी त्यानं वाचली नाही. बातमी एवढीच होती की एका जवानाचं महिनाभर पत्र नाही, पलटण हलल्यामुळं टपाल रखडलंय. नाव कुणाचंच नव्हतं. गावचे अकरा जण सरहद्दीवर होते. हरणाबाईचा कृष्णात त्यातला एक. तिला अक्षरओळख नाही. कुणीतरी ती ओळ वाचून दाखवली, तिनं 'सविस्तर आत' ऐकलंच नाही, पदर तोंडाला लावून घरी गेली आणि ताटावर बसायची बंद झाली. आधीच दम्यानं पोखरलेली. सहाव्या दिवशी गेली. नवव्या दिवशी कृष्णातचं खुशालीचं पत्र आलं.

गाव म्हणालं, म्हातारी दम्यानं गेली. नाथाजीला कुणी शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून फळ्याशी उभं राहिलं की त्याला पाठीमागं ती धाप ऐकू यायची. खर्र, खर्र. वळून बघावं तर रस्त्यात शेळी.

तेव्हापासून तो मथळ्यांकडं सोयरीक जुळवायला आलेल्या मध्यस्थाकडं बघावं तसं बघायला लागला. कोण काय लपवतोय? शेवटी प्रश्नचिन्ह असलं की तो समजायचा, लिहिणाऱ्यालाच खात्री नाही. 'थरार', 'खळबळ', 'काळजाचं पाणी' असलं काही दिसलं की बोटानं आतली बातमी धुंडाळायचा: कोण? कुठं? किती? मथळ्यानं कबूल केलेलं आत सापडलं नाही, तर तो मथळा फळ्यावर चढायचा नाही.

पण असलं सोवळं पाळलं की फळा रोडावतो. चौऱ्याहत्तरात वाचनालयाचे अध्यक्ष बाळासो एकदा येऊन म्हणाले, "नाथा, फळ्याम्होरं माशा बसत्यात रं. मान्सं च्याच्या दुकानात कात्रणं वाचत्यात. आसंच चाललं तर फळा काढू, आन् तुलाबी."

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी बाळासोंनी एक कात्रण पाठवलं. चहाच्या दुकानातून चार हातांतून फिरून आलेलं, कोपऱ्यावर बशीचा डाग. वर चिठ्ठी: 'जसंच्या तसं लिही.' मथळा होता: 'कृष्णेच्या पुलावर सातारा-सांगली एस.टी.! प्रवाशांचं पुढे काय झालं?'

नाथाजीनं खडू उचलला. मागं धाप ऐकू आली.

त्यानं खडू ठेवला आणि वाचनालयात आलेला तोच पेपर उघडून पान चारवरची सगळी बातमी वाचली. सोमवारी सकाळी पुलावर म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं गाडी कठड्याला टेकवून उभी केली. मडगार्ड दबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका प्रवाशाच्या पाटीतली कोंबडी मात्र उडाली ती पुलावरून पसार झाली.

तेवढ्यात बाळासोच आले. "का रं, हात दुखतोय?"

"आवं बाळासो, ह्यात कोण मेलंच न्हाई."

"मग? मेलं म्हणून कुठं लिवलंय? इचारलंय फकस्त."

"इचारणाऱ्याला उत्तर ठावं हाय की. ते पान चारवर दडवलंय. आन् आयकणारी बाई पान चारपातुर जात न्हाई."

कुठली बाई, हे बाळासोंनी विचारलं नाही. मग म्हणाले, "लिही तुला काय लिवायचं ते. पर दहा मान्सं थांबली न्हाईत, तर उद्या येऊ नगंस."

नाथाजीनं लिहिलं: 'पुलावर किरकोळ घटना, हानी नाही.' स्वतःच वाचलं आणि पुसलं. खरं होतं, पण ह्याला कुत्रंसुद्धा हुंगणार नव्हतं. माणसं चहाच्या दुकानातच जातील आणि तिथं तेच कात्रण वाचतील. नुसतं खरं असून भागत नव्हतं, कुणीतरी थांबायला हवं होतं. दुसऱ्यांदा लिहिलं: 'म्हैस आडवी, एस.टी. कठड्यावर, सगळे सुखरूप.' हळू वाचलं आणि 'कठड्यावर' पाशी अडला. अर्धंच ऐकून कुणी निघून गेलं तर? तेही पुसलं. मागची धाप जवळ आली होती, कानाशी.

तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं: 'सगळे सुखरूप, कोंबडी मात्र पसार! सोमवारी कृष्णेच्या पुलावर म्हशीला चुकवून कठड्याला टेकली सातारा-सांगली एस.टी.'

पहिला थांबला जोतीराम न्हावी. "सगळे सुखरूप, कोंबडी मात्र पसार," त्यानं मोठ्यानं वाचलं. "गड्या, कुणाची रं कोंबडी?" मग आणखी दोघे. मग बारा. भाकऱ्या टाकून सुलाबाई उतरली. गर्दीच्या कडेला शालूबाई उभी होती, हातात रिकामी दुधाची किटली. तिला वाचता येत नव्हतं. जोतीराम पुढचं वाचायला लागला आणि सातारा गाडीचं नाव आलं, तशी ती मटकन पायरीवर बसली.

"काय झालं गं?" सुलाबाईनं विचारलं.

"आमची पद्मी व्हती त्या गाडीत. नर्शिंगला गेली काल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "परत वाच रं जोतीरामा. पयलं वाच."

"सगळे सुखरूप," जोतीरामनं वाचलं.

"आजून एकदा."

त्यानं आणखी एकदा वाचलं. शालूबाई उठली, किटली उचलली आणि दूध आणायला गेली. नाथाजी भिंतीला टेकला. हीच बाई आणि तो कात्रणातला मथळा, हा हिशेब त्याच्या डोक्यात फिरत राहिला. धाप मात्र थांबली नव्हती. ती पुढंही थांबली नाही.

बाळासोंनी माणसं मोजली आणि नोकरीचा विषय काढला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या कोंबडी कुणाची, ते लिही. लोकं इचारत्यात."

"बातमीत न्हाई ते," नाथाजी म्हणाला. "न्हाई ते कसं लिवू?"

"लय शाना हायस," बाळासो म्हणाले आणि गेले.

सुलाबाईनं दुपारपर्यंत गावभर केलं की हरणाबाईनंच त्याला कोंबडीचं सुचवलं.

खरं असं होतं: नाथाजी कुणाशी बोलत नव्हता. लिहिण्याआधी तो मथळा हलक्या आवाजात वाचायचा, अर्ध्यात थांबायचा, आणि वाचता न येणाऱ्या बाईनं एवढंच ऐकलं तर तिला काय वाटेल, ते बघायचा. हरणाबाईच्या वेळी त्यानं ते बघितलं नव्हतं.