मराठीखालचं इंग्रजी

धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि त्यातला एक तुकडा आयुष्यभर चुकीचा शिकवला. हे मला कधी कळावं? निवृत्त झाल्यावर! तेही सास्तूरला, माझ्याच एका विद्यार्थिनीच्या ओसरीवर.

आमची एक पद्धत होती. फळ्यावर मराठी वाक्य लिहायचं, प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची आणि पोरांनी त्या रेघेखाली इंग्रजी शब्द बसवायचा. मग क्रियापद उचलून मधे आणलं की झालं वाक्य. काय रंगायची पोरं त्यात! खडूसाठी मारामाऱ्या व्हायच्या. अजून दुपारी जरा डोळा लागला की तो 'बाई मी, बाई मी'चा गलका कानात येतो आणि फार एकटं वाटतं. पण 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' या तिघांच्या डोक्यावर मराठी शब्दच नसायचा. वरच्या ओळीत जे नाही ते खालच्या ओळीत कुठून येणार?

"अरे, 'द' कुठं गेला?" म्हणून मी ओरडायची. मग पोरं निबंध संपवून पुन्हा पहिल्या ओळीपासून 'द' टाकत यायची, भाजीत मीठ राहिलं म्हणून वरून भुरभुरावं तसं. 'द माय मदर', गावाच्या नावालाही 'द सोनारी'. मी लाल शाईनं खोडायची. का खोडलं हे मात्र सांगायची नाही, कारण मला तरी कुठं धड सांगता येत होतं!

त्या वर्गातली ही पोरगी पुढं नर्स झाली. परदेशातल्या एका दवाखान्यात तिची जागा ठरली आणि इंग्रजीची परीक्षा आडवी आली. तिथं एका पेशंटबद्दल अनोळखी डॉक्टरला पत्र लिहायचं असतं. त्या पत्रात ती दोनदा थोडक्यात नापास झाली. आता शेवटची संधी. नाहीतर जागा गेली. वडील नाहीत, घरात ती आणि आई दोघीच. ती माझ्याकडं येऊन रडली. "बाई, तुम्हीच बघा आता," म्हणाली. मी रोज दुपारी तिच्या घरी जाऊ लागले.

पत्र वाचलं आणि माझं मलाच लाजल्यासारखं झालं. पहिल्या अर्ध्या भागात एकही 'द' नाही, पुढच्या अर्ध्यात ओळीला चार. ती मनात अजून मराठी वाक्याखाली रेघा मारत होती. मी नियम सांगत बसले, ती माना डोलवत बसली. चार दिवस नुसतं पाणी घुसळणं.

पाचव्या दिवशी तिची आई परसातून ओरडली, "अगं, कडब्यात म्हैस शिरलीया!"

"कुणाची?" पोरीनं बसल्या जागेवरून विचारलं.

"काय ठावं कुणाची!" थोड्या वेळानं आई पदरानं घाम पुशीत आली. "म्हैस हाकलली एकदाची."

आता पोरीनं काही विचारलं नाही. मी मात्र एकदम सावरून बसले. "आत्ता का नाही विचारलंस कुणाची म्हणून?"

"बाई, तीच की. मघाची."

"मग हेच तर आहे, वेडे! पहिल्यांदा आली ती 'अ', हाकलली ती 'द'. आपण मराठीत वेगळा शब्द लावत नाही, ऐकणाऱ्याला काय माहीत आहे त्यावर भागवतो. इंग्रजीला ते दरवेळी शब्द लावून सांगावं लागतं."

तिनं त्या दिवशीचं नवं पत्र पुढं ओढलं. पहिल्याच ओळीत 'द वुंड' होतं. "त्या डॉक्टरला कुठली जखम ते ठाऊकच न्हाय की," ती पुटपुटली. 'द' खोडून 'अ' केला, डाव्या पायावरची असं लिहिलं. पुढच्या ओळीत 'द वुंड' तसंच ठेवलं. माझ्या लाल शाईला जे उभ्या जन्मात जमलं नव्हतं, ते त्या म्हशीनं करून दाखवलं. त्या दिवसापासून प्रत्येक नामापाशी थांबून ती स्वतःलाच विचारायची, वाचणाऱ्याला माहीत आहे का? अडखळत, डोकं खाजवत, पण विचारायची.

ती पास झाली. फोनवर आम्ही दोघी किंचाळलो. दोन महिन्यांत ती गेलीसुद्धा.

मागच्या आठवड्यात मी सहज त्या घरी डोकावले. ओसरीवर तिची आई एकटीच शेंगा फोडत बसली होती. लगबगीनं उठून तिनं चहा टाकला, पोरीचे फोटो दाखवले, लई थंडी हाय म्हणं तिकडं, म्हणाली. मग कप माझ्या हातात देत, हसत हसतच बोलली,

"बाई, तुमी आधी शिकवलं व्हतं, त्येच बरं व्हतं बगा."